हिवाळ्यात लेकाची उंची थांबली

ताई, आम्ही एडिनबराला असतो, मुलगा सात वर्षांचा. दाराच्या चौकटीवर खुणा करते : 15 एप्रिल 115.6, 15 जुलै 117.9, 15 ऑक्टोबर 118.9, 15 जानेवारी 119.6. शेवटच्या तीन महिन्यांत फक्त 0.7 सेंमी! सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर प्रोटीन पावडरचं विचारतात. उंची खुंटली का?
— काळजीत पडलेली आई

अगं, तू 0.7 ला चारने गुणलंस ना मनात, वर्षाला 2.8, आणि घाबरलीस. मग एप्रिल ते जुलैचे 2.3 पण गुण की, वर्षाला 9.2 येतात, तेव्हा तर तू पेढे वाटले नाहीस! दोन्ही आकडे खोटे आहेत, कारण मुलं वर्षभर एकसारखी वाढतच नाहीत. साधारण वसंत आणि उन्हाळ्यात उंची पळते, शरद ते हिवाळा रेंगाळते, आणि वजनाचं बरेचदा उलट, म्हणजे ऑक्टोबरनंतर पँट कमरेत घट्ट पण लांबीला तेवढीच. हे कोपनहेगनमध्ये मालिंग-हान्सन यांनी 1880 च्या दशकात मूकबधिर मुलांच्या शाळेत रोज मापं घेऊन दाखवलं होतं. सगळीच मुलं या कॅलेंडरने चालत नाहीत हेही खरं.

कारण बहुधा उजेड. तुमच्याकडे डिसेंबरात साडेतीन-पावणेचारलाच सूर्य मावळतो. पुढे ब्रिटनमध्ये अंध मुलांची मापं घेतली तर त्यांचीही वाढ कमीजास्त व्हायची, पण ती ऋतूला बांधलेली नव्हती, कुणाची कुठल्याही महिन्यात, म्हणून डोळ्यातून जाणाऱ्या प्रकाशावर संशय. शरीरात हे नेमकं कसं घडतं ते मात्र पक्कं ठरलेलं नाही.

आता एक विचारते, जुलैत सुट्टीत सकाळी मोजलंस आणि जानेवारीत शाळेतून आल्यावर संध्याकाळी, असं तर नाही ना? दिवसभरात मणका दबून उंची सेंटीमीटरभरसुद्धा कमी भरते, आणि पुस्तक डोक्यावर जरा तिरकं धरलं की अर्धा सेंमी इकडेतिकडे. म्हणजे तुझा 0.7 हा अर्धा चुकीतच बुडू शकतो. म्हणूनच डॉक्टर तीन महिन्यांवरून वेग ठरवत नाहीत, शक्यतो पूर्ण वर्ष बघतात, म्हणजे चांगला-वाईट दोन्ही ऋतू त्यात येतात.

तुझा हिशोब नऊ महिन्यांत 4 सेंमी आहे. या वयाला वर्षाला साधारण 5 ते 6 धरतात. 15 एप्रिलला सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, पुस्तक काटकोनात धरून मोज, तीनदा, आणि मधला आकडा लिही. 120.5 च्या आसपास किंवा वर असेल तर वर्षाचे पाच झाले, सोडून दे. 119.6 च्याच आसपास अडकला असेल तर चौकटीचे सगळे आकडे घेऊन जीपीकडे जा, ते चार्टवर टाकून बघतील. मधलं काही आलं तरी एकदा चार्टवर टाकून घे. वजन उतरतंय, सतत पोट बिघडतंय, डोकं दुखतंय किंवा खूप तहान लागतेय असं काही असेल तर मात्र एप्रिलची वाट बघू नकोस.

प्रोटीन पावडरचं सासूबाईंना सांग, डबा संपवतोय तोवर नको, आणि एप्रिलचं माप त्यांनाच व्हिडिओवर दाखव.