एआय डिटेक्टर कसा चालतो हे नववीच्या मुलांना वर्गात कसं दाखवायचं?

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत शिकवतो. मुलांना वाटतं की मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं हे सांगणारा डिटेक्टर म्हणजे थर्मामीटर, आकडा आला की विषय संपला. शाळेतले संगणक निम्मे बंद असतात. हातानं करता येईल असं काही सुचवाल का?

उत्तर:

संगणक बंद आहेत हे बरंच आहे. मी नाशिकला नववी-दहावीला मराठी शिकवते आणि हा विषय गेली दोन वर्षं फळा, कागदाची पट्टी आणि गणिताची चौकटींची वही एवढ्यावरच घेते. स्क्रीन समोर आली की मुलं आकड्याकडे बघतात. तो आकडा आला कुठून, हे त्यांना फळ्यावर दिसतं.

सुरुवात प्रतिज्ञेपासून करा. फळ्यावर 'भारत माझा' एवढंच लिहायचं आणि पुढचा शब्द प्रत्येकानं वहीत लिहायचा. बोलायचं नाही. मग तुम्ही शब्द लिहायचा, ज्यांचा बरोबर आला त्यांनी हात वर करायचे, हात मोजून शब्दाखाली आकडा टाकायचा. असे दहा शब्द. माझ्या वर्गात त्या दिवशी 38 मुलं होती, म्हणजे जास्तीत जास्त 380 हात. प्रतिज्ञेला 380 पैकी 380 पडले. तिसऱ्या शब्दालाच वर्ग कंटाळला, आणि कंटाळायलाच हवा.

डिटेक्टरांचा एक मोठा वर्ग नेमकं हेच करतो. भाषेचं मॉडेल म्हणजे पुढचा शब्द ओळखणारं यंत्र. मजकूर लिहितानाही ते तेच करतं: आधीचे शब्द पाहून पुढे काय येण्याची शक्यता किती हे मोजतं आणि बहुतेक वेळा वरच्या शक्यतांमधलं काहीतरी उचलतं. डिटेक्टर हे उलट्या बाजूनं वापरतो. तुमचा मजकूर घेऊन शब्दागणिक विचारतो, हा मला आला असता का? सारखा 'हो' आला तर मजकूर यंत्राचा असावा असं म्हणतो, पदोपदी धक्के बसले तर माणसाचा. शिवाय हे धक्के सगळीकडे सारखे आहेत की मध्येच एखादं वाक्य उसळी मारतं, तेही काही डिटेक्टर बघतात. प्रत्यक्षातला हिशोब लॉगरिदमचा असतो, पण नववीला हात मोजणं पुरतं.

आता मुलांना सांगा की 380 पैकी 380 मिळवणारी ही प्रतिज्ञा 1962 साली एका माणसानं तेलुगूत लिहिली आणि आपण म्हणतो तो तिचा अनुवाद आहे. यंत्राचा संबंध कुठेच नाही. अमेरिकेची राज्यघटना काही डिटेक्टरांनी यंत्राची ठरवली होती, ती याच कारणानं. मॉडेलनं ती इतक्या वेळा वाचलेली असते की त्याला काहीच नवं वाटत नाही. 'ओळखू येणारं' आणि 'यंत्रानं लिहिलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या पंधरा मिनिटांत मुलांच्या हाताला लागतं.

त्यानंतर पावसाळ्यावरचे तीन उतारे घ्यायचे, प्रत्येकी दहा शब्द ओळखायला. कुठला कोणाचा हे सांगायचं नाही. मी पहिला घेतला गाईडमधला: 'पावसाळा सुरू झाला की धरतीमाता हिरवा शालू नेसते' या धाटणीचा. दुसरा घरी चॅटबॉटकडून लिहून घेतलेला. तिसरा वर्गातल्याच एका मुलाचा, त्याला विचारून: 'पाऊस आला की बाबा आधी छत्री नाही, ताडपत्री शोधतात, कारण चाळीत अजून कांदा आहे.'

पहिल्यात 'हिरवा' नंतर 'शालू' 35 जणांनी लिहिला. तिसऱ्यात 'ताडपत्री' लिहिणारे फक्त तीन. एकूण हात असे पडले: गाईड 251, चॅटबॉट 233, कांद्याची चाळ 94. म्हणजे माझ्या वर्गाच्या डिटेक्टरनं सगळ्यात 'यंत्रासारखं' ठरवलं ते गाईडला, खुद्द यंत्राच्याही वर!

इथे मी माझी चूक मुलांना सांगते. हा खेळ सुरू करण्याच्या आदल्या वर्षी मी एका मुलीचा निबंध एका फुकट साइटवर टाकला होता. 87 टक्के आले. मी तिला चारचौघांत विचारलं, ती रडली. नंतर कळलं की क्लासच्या वहीतला निबंध तिनं शब्दन् शब्द पाठ केला होता. तो पाठ करायला आपणच शिकवतो, वर 'सुंदर' असा शेराही देतो. त्या 87 चा अर्थ मी काय घेतला होता, तर 'यंत्रानं लिहिल्याची 87 टक्के खात्री'. पण कुठली साइट टक्क्यांत स्वतःची खात्री सांगते, तर कुठली मजकुराचा किती भाग संशयित आहे ते सांगते. कोणता आकडा समोर आहे हे मी वाचलंच नव्हतं.

पुन्हा त्या तीन मुलांकडे येऊ, कारण या तासातली सगळ्यात कामाची गोष्ट तिथे आहे. 'ताडपत्री' ओळखणाऱ्या तिघांच्याही घरी कांद्याची चाळ आहे. एक निफाडकडून येतो, दोघी सिन्नरच्या बाजूच्या. त्यांना तो शब्द अनपेक्षित नव्हताच. वर्गात सगळी तशीच मुलं असती तर तोच उतारा 94 वरून कुठल्या कुठे गेला असता आणि 'यंत्राचा' ठरला असता. उताऱ्यातला एक शब्दही न बदलता. आकडा नुसत्या मजकुराचा नसतो, ओळखणाऱ्यानं आधी काय वाचलंय त्याचाही असतो. मॉडेलांनी इंग्रजीच्या मानानं मराठी फारच कमी वाचलेली असते, त्यामुळे इंग्रजीवर बेतलेल्या डिटेक्टरचा मराठी निबंधावरचा आकडा मी तरी कशालाच धरत नाही.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना याची दुसरी बाजूही दाखवा. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरीनं निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण आपल्या खेळातलंच आहे: परकी भाषा लिहिताना माणूस खात्रीचे, ठरलेले शब्द वापरतो, आणि ठरलेले शब्द लगेच ओळखू येतात.

सगळे डिटेक्टर असेच चालत नाहीत. काहींना माणसांचे आणि यंत्रांचे ढीगभर नमुने दाखवून फरक शिकवलेला असतो. तेही शेवटी एक आकडाच देतात आणि कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्यामुळे दुसऱ्या तासिकेला रेघ घ्या. वेगवेगळ्या उताऱ्यांचे हात मोजलेली कार्डं व्हरांड्यात चढत्या क्रमानं मांडायची, मागे लेखक कोण ते लिहिलेलं, आणि मध्ये दोरी. दोरी कुठे ठेवायची ते मुलं ठरवतात, मग कार्डं उलटायची. खाली सरकवली की निर्दोष अडकतात, वर सरकवली की यंत्राची कार्डं निसटतात. भांडणं होतात, होऊ द्या. यावर जास्त बोलावं लागत नाही.

वही लागते ती तिसऱ्या तासिकेला. ओपनएआयनं जानेवारी 2023 मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला आणि त्याचे आकडे स्वतःच जाहीर केले: त्यांच्या इंग्रजी चाचणीत यंत्राच्या 100 मजकुरांतले 26 पकडले आणि माणसाच्या 100 मधल्या 9 वर चुकून ठपका ठेवला. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये त्यांनी तो बंदही केला. जुनं साधन आहे, आजची वेगळी आहेत, पण हिशोब शिकायला आकडे छान आहेत.

चौकटींच्या वहीत आडव्या 25 आणि उभ्या 40 चौकटी आखायच्या, म्हणजे 1000 निबंध. शाळेतल्या 100 मुलांनी यंत्राकडून लिहून घेतलं असं धरू: वरच्या चार ओळी निळ्या. त्यातल्या 26 चौकटींवर फुली. उरलेल्या 36 ओळी प्रामाणिक मुलांच्या, तिथे दर चार ओळींत 9 फुल्या, म्हणजे 81. आता फुल्या मोजा: 107. त्यातल्या निळ्या फक्त 26. डिटेक्टरनं बोट दाखवलेल्या चार मुलांमागे तिघं निर्दोष.

मग नवं पान, तेच साधन, फक्त निम्मी शाळा यंत्राकडून लिहून घेते असं धरायचं. निळ्या ओळी वीस, त्यात 130 फुल्या, पांढऱ्यात 45. आता चारातला साधारण एकच निर्दोष. डिटेक्टर तोच, चुकण्याचं प्रमाण तेच, तरी 'पकडला गेला' या शब्दांचं वजन बदललं, कारण मुळात किती जण लबाडी करतात ते बदललं. आणि ती संख्या डिटेक्टर सांगत नाही, ती आपल्याला माहीत नसते. मुलं इथे अडखळतात. दोन्ही पानं शेजारी ठेवून फुल्या हातानं मोजायला लावा. मी एकदा घाईत फळ्यावर नुसता गुणाकार करून दाखवला होता, कोणाच्याही डोक्यात शिरला नाही.

एक प्रश्न हमखास येईल, आला नाही तर आश्चर्य: "मॅडम, मग शब्द बदलले की सुटलो?" टाळू नका, करून बघू द्या. आमच्या एका पठ्ठ्यानं गाईडच्या उताऱ्यात 'शालू'चं 'धोतर' केलं, 'धरतीमाते'ची 'काकू' केली, आणि शेजारच्या तुकडीकडून पुन्हा हात मोजून आणले. तिथेही 38च मुलं होती, आणि 251 चे 120 झाले. म्हणजे डिटेक्टरला चकवायला पाच मिनिटं पुरली. पण निबंध मी तपासला तेव्हा काकूंनी हिरवं धोतर का नेसलं होतं, ते त्याला सांगता येईना.

उतारे निवडताना एवढं सांभाळा: वर्गातल्या मुलाचा उतारा घेतलात तर नाव शेवटपर्यंत सांगू नका, आणि मुलांचं लेखन खऱ्या साइटवर टाकून दाखवू नका. काही साइट टाकलेला मजकूर ठेवून घेतात.