मंदक नेमका कोणाला मंद करतो?

प्रश्न : अणुभट्टीतल्या मॉडरेटरला मराठीत 'मंदक' म्हणतात, कुठे 'मंदायक'ही वाचलं. मंदक काढून घेतला तर भट्टी भडकायला हवी ना? नियंत्रक दांडेही तेच काम करतात, मग दोन वेगळे शब्द कशाला?

उत्तर : मंदक काढून घेतला तर भट्टी भडकत नाही, विझते. 'मंद करणारा' हा अर्थ बरोबरच आहे, फक्त त्याचं कर्म चुकीचं धरलं गेलंय. मंद होतो तो न्यूट्रॉन. विखंडनाची साखळी त्यामुळे मंद होत नाही, उलट चालू राहते.

युरेनियमचं केंद्रक फुटून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा सरासरी २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. इतक्या वेगवान न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ चं दुसरं केंद्रक फोडण्याची शक्यता फार कमी. तोच न्यूट्रॉन ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे २२०० मीटर वेगापर्यंत खाली आला की ही शक्यता काहीशे पटींनी वाढते. अशा न्यूट्रॉनला औष्णिक न्यूट्रॉन म्हणतात. त्याला न गमावता तिथवर उतरवणं हे मंदकाचं काम. नियंत्रक दांड्यांतलं बोरॉन किंवा कॅडमियम न्यूट्रॉन गिळूनच टाकतं. म्हणून कसोटी सोपी आहे: न्यूट्रॉन शिल्लक राहून हळू झाला तर मंदक, नाहीसाच झाला तर शोषक. दोन शब्द हवेतच.

वेग कमी होतो तो स्थितिस्थापक टकरींमुळे. काही जण 'लवचिक टक्कर' लिहितात. मला ते पटत नाही, कारण लवचिक म्हणजे वाकणारं, आणि इथे काहीच वाकत नाही. दोघांची मिळून गतिज ऊर्जा टकरीआधी जेवढी, तेवढीच टकरीनंतर राहते. बदलते ती वाटणी. एक गोटी तेवढ्याच वजनाच्या स्थिर गोटीवर नेमकी समोरून आदळली, तर पहिली जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं असल्याने अशा एका टकरीत न्यूट्रॉन सगळी ऊर्जा देऊन टाकू शकतो. कार्बनचं केंद्रक बारा पट जड, म्हणून समोरासमोरच्या टकरीतही जास्तीत जास्त २८ टक्के ऊर्जा जाते. युरेनियम-२३८ च्या बाबतीत तर दोन टक्केही जात नाही. बहुतेक टकरी तिरक्या होतात, त्यामुळे सरासरीच धरावी लागते. वर सांगितलेली पूर्ण उतरण हायड्रोजनमध्ये सुमारे १८ टकरींत होते, जड पाण्यातल्या ड्यूटेरियममध्ये २५, कार्बनमध्ये ११५. पायऱ्या थोड्या असणंही महत्त्वाचं, कारण वाटेतल्या काही ठरावीक ऊर्जांवर युरेनियम-२३८ न्यूट्रॉन अधाशासारखं पकडतं. मोठ्या ढांगा टाकणारा न्यूट्रॉन त्या जागा ओलांडून जाण्याची शक्यता जास्त.

मग साधं पाणीच सर्वांत चांगला मंदक, असं वाटेल. पण हायड्रोजन अधूनमधून न्यूट्रॉन स्वतःच पकडतो, ड्यूटेरियमच्या सहाशेहून जास्त पटींनी. नैसर्गिक युरेनियममध्ये फुटणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. तेवढ्यावर साध्या पाण्यातलं हे नुकसान भरून निघत नाही, साखळी तुटते. म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीला समृद्ध युरेनियम लागतं, साधारण ३ ते ५ टक्क्यांचं. जड पाणी २५ टकरी घेतं, पण न्यूट्रॉन जवळजवळ खात नाही. त्यामुळे तिथे नैसर्गिक युरेनियम चालतं.

'जवळजवळ' हा शब्द शुद्धतेवर अवलंबून आहे. जड पाण्याच्या एका रेणूची न्यूट्रॉन गिळण्याची क्षमता ०.००१२ बार्न धरा (बार्न हे या शक्यतेचं माप), साध्या पाण्याच्या रेणूची ०.६६. आता जड पाण्यात फक्त पाव टक्का साधं पाणी मिसळलं तर ०.६६ चा पाव टक्का, म्हणजे सुमारे ०.००१७ ची भर पडते. पाव टक्क्याने एकूण शोषण दुपटीच्या वर गेलं! ग्राफाइट याहून नाजूक. दहा लाख कार्बन अणूंत बोरॉनचे पाच अणू असले तरी शोषण दुप्पट होतं. १९४१ मध्ये जर्मनीत वाल्टर बोथे यांच्या मोजणीत ग्राफाइट मंदक म्हणून नालायक ठरलं, ते अशाच अशुद्धीमुळे. पुरेशा शुद्ध ग्राफाइटवर २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली भट्टी चालली. अशुद्ध ग्राफाइट न्यूट्रॉनला हळू तेवढंच करतं, पण थोडं शोषकही होऊन बसतं.

'मंदायक' आणि 'मंदक' यांत अर्थाचा फरक नाही. मी 'मंदक' वापरतो, आणि पहिल्यांदा येतो तिथे 'न्यूट्रॉन-मंदक' असं पूर्ण लिहितो, म्हणजे कर्म शब्दातच राहतं.