कपाटातली लाईट: सुरुवात करताना एवढंच बघ

भावा, प्लग पॉइंट जवळ असेल तर बॅटरीच्या नादाला लागू नकोस, सारखं चार्जिंग करायचा लय कंटाळा येतो. दोन मीटरची २० वॅटची एलईडी पट्टी असेल तर १२ व्होल्ट २ अँपियरचा अडॅप्टर पुरतो, तो कपाटाच्या वर हात पोचेल असा ठेव, आत कपड्यांत कोंबू नको. पट्टी मागच्या फळीला लावतात तिथंच गंडतं, कपड्यांची सावली पुढं येते, म्हणून पुढच्या कडेच्या आतून प्रोफाईलमध्ये, म्हणजे पट्टीसाठीच्या लांब खोबणीत बसव आणि वायर त्याच कोपऱ्यातून वर छोटं भोक पाडून काढ. दार काचेचं किंवा काळं असेल तर दार उघडलं की लाईट लावणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरला ते बऱ्याचदा दिसतच नाही, दार बंद असलं तरी लाईट चालूच, फटीतून उजेड दिसला की समजायचं. तिथं चुंबकवाला सेन्सर घे, पण दार उघडल्यावर चालू होणाराच माग, दुकानात उलटा पण मिळतो.