डिफर्ड कन्सेंट: समितीपुढे घड्याळ मांडा

डॉक्टर, तुमचा प्रोटोकॉल वाचला. श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी ऑक्सिजन देण्याच्या, आपल्याकडे रोज वापरात असलेल्या दोन पद्धतींची तुलना. विषय चांगला आहे, पण तुम्ही डिफर्ड कन्सेंट मागताय, म्हणजे रुग्णाला आधी अभ्यासात घ्यायचे आणि संमती नंतर. त्याला ‘इमर्जन्सीत संमतीला वेळ नसतो’ एवढ्या वाक्यावर एथिक्स कमिटी मान डोलावणार नाही.

वेळ दाखवा. समजा, राजापूरकडच्या वाडीतून मण्यार चावलेला माणूस १०८ मधून आला. श्वास मंदावलाय, नळी दहा मिनिटांत घालावी लागणार. बायको मागून एसटीने येतेय. रजिस्टरमधून अशा रुग्णांच्या तीन वेळा काढा: रुग्ण आला कधी, नळी घातली कधी, नातेवाईक पोचले कधी. तोच तक्ता तुमचा मुख्य युक्तिवाद. हेलसिंकी जाहीरनामाही याच वाटेने जातो: नातेवाईक हजर नसेल आणि संशोधन थांबवता येत नसेल, तर संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांना का घेताय याची कारणे प्रोटोकॉलमध्ये हवीत आणि पुढे सहभागी राहण्याची संमती शक्य तितक्या लवकर घ्यायची.

नवशिके इथे चुकतात:
- सगळ्यांनाच सवलत मागतात. नातेवाईक हजर असेल आणि वेळ असेल, तर आधीच विचारायचे.
- नंतर नकार आला किंवा रुग्ण दगावला, तर गोळा झालेल्या माहितीचे काय, हे लिहीतच नाहीत. यावर समिती हमखास अडवते.

आणि मण्यारीचा रुग्ण डोळे मिटून पडला तरी बऱ्याचदा शुद्धीत असतो, ऐकतो. त्याला दोन वाक्ये सांगायची, हेही प्रोटोकॉलमध्ये घाला. नव्या औषधाची चाचणी असती तर २०१९ चे नियम लागले असते. ते तूर्त बाजूला ठेवा.