सतरा नंबरच्या ताईंना पेपरासोबत द्यायचं पत्र

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी एका ताईंना दहावीचं गणित शिकवतो. वय चाळिशीच्या आसपास, १७ नंबरचा फॉर्म भरलाय. बीजगणिताच्या सराव पेपरात ४० पैकी १३ आले. पेपरासोबत पत्र द्यायचंय. खोटं लिहायचं नाही, पण त्यांनी शिकणं सोडू नये. काय लिहू?

उत्तर: पत्र लिहायला बसण्याआधी गेलेले २७ मार्क कशाकशात गेले ते एका कागदावर मांडा. मोठ्या वयात परत शिकणाऱ्यांचे सगळे मार्क न आल्यामुळे जात नाहीत, आणि कोणते कशामुळे गेले हे त्यांना स्वतःला कळत नाही. त्यांना फक्त १३ दिसतात.

माझ्याकडे अशाच एक ताई होत्या, बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या. त्यांचेही १३ च होते. मांडून पाहिलं तर प्रश्न २ अ आणि ३ अ मधल्या कृती कोऱ्या, तिथे ७ मार्क. उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, तिथे ४. वजा चिन्हाची एकच चूक पुन्हा पुन्हा, तिथे ४. उरलेले १२ खरंच येत नव्हतं म्हणून गेले, त्यात बहुतेक वर्गसमीकरणं.

कृती कोऱ्या का ठेवल्या, हे मी पत्राआधी विचारून घेतलं. त्यांना वाटलं होतं, पुस्तकातल्यासारखं ते सोडवून दिलेलंच उदाहरण आहे. त्यांनी शाळा सोडली तेव्हा पेपरात चौकटी भरायचा प्रकार नव्हता. तुम्हीही विचारा. नाहीतर "कृती येत नाहीत" असं लिहून मोकळे व्हाल आणि ते चुकीचं ठरेल.

मग पत्र असं लिहिलं:

"ताई, नमस्कार. तुम्हाला ४० पैकी १३ मिळाले. आज बोर्डाचा पेपर असता तर एवढ्यावर भरवसा ठेवता आला नसता, हे आधीच सांगते.

जीएसटीच्या उदाहरणात वस्तूची किंमत ५००० रुपये आणि दर १८ टक्के होता. तुम्ही नुसतं ५९०० लिहिलंत. उत्तर बरोबर आहे. पण ९ टक्के केंद्राचा कर ४५० रुपये, ९ टक्के राज्याचा ४५०, एकूण कर ९००, म्हणून ५९००, या ओळी तपासणाऱ्याला दिसल्या पाहिजेत. तोंडी केलेल्या हिशेबाला पूर्ण मार्क देता येत नाहीत.

3x + 2y = 18 आणि 3x − y = 9 यांची वजाबाकी करताना तुम्ही 2y मधून y काढला आणि y = 9 आणलं. खालच्या ओळीत −y आहे. वजा करताना त्याचं +y होतं, म्हणून 3y = 9, y = 3 आणि x = 4. तुमचं x = 0, y = 9 हे पहिल्या समीकरणात बसतं, म्हणून तुम्हाला शंका आली नाही. दुसऱ्यात घालून पाहा: 0 − 9 म्हणजे −9 येतं, 9 येत नाही. यापुढे ताळा दोन्ही समीकरणांत घ्यायचा.

वर्गसमीकरणं तुम्हाला अजून येत नाहीत. ती आपण पुढच्या पेपरानंतर घेऊ, आत्ता त्यांच्या मागे लागू नका. आधी कृती आणि पायऱ्या. त्यात ११ मार्क आहेत आणि त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. सगळे ११ लगेच येतील असं मी म्हणत नाही. सोबत फक्त कृतींचा एक कागद दिलाय. मंगळवारी आणा."

"छान प्रयत्न" हे शब्द मी मुद्दाम टाळले. घर, वावर, वेचणी सांभाळून जी बाई रात्री वही उघडते तिला अशी पोरांना द्यायची शाबासकी लगेच ओळखू येते, आणि मग पत्रातल्या बाकीच्या ओळींवरचाही तिचा विश्वास उडतो. जीएसटीचं उत्तर बरोबर आहे, हे तिच्या वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून सांगितलं की तेवढा धीर पुरतो. त्या ताई मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, मले तोंडी येते, पन लिवाले जमत नाही." म्हणून पत्रात पहिलं उदाहरण जीएसटीचं घेतलं. तुमच्या ताईंचा पेपर वेगळा असेल, तिथे पहिलं उदाहरण दुसरं येईल.

दोनच कामं सांगा. सगळ्या चुका पेपरावर खुणा करून ठेवल्या तरी चालतील, पण पत्रात आणू नका. नाहीतर वेचणीच्या दिवसांत त्यातलं एकही होणार नाही.

आणि पत्र मुलाच्या हाती पाठवू नका. घरात ते मोठ्याने वाचलं जातं, १३ चा आकडा आधी सगळ्यांना कळतो. त्यांच्याच हातात द्या, आणि समीकरणाचा भाग शेजारी बसून एकदा त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. −y चं +y कसं होतं ते नुसतं वाचून बसत नाही, स्वतः चिन्ह बदलून लिहावं लागतं.