मशीन नाव सांगत नाही, यादी देतं

"मुलगी बारावी सायन्सला आहे, आम्ही फोंड्याला राहतो. चेहरा ओळखणाऱ्या पोलीस कॅमेऱ्यांच्या कामात पुढे सरकारी नोकरी पक्की, म्हणून तिने कम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं असं मला वाटतं. ती लॉ घेणार म्हणते. अशा कॅमेऱ्यांनी निरपराध माणसं अडकतात, असा वाद घालते. मशीन चुकत नाही, हे तुम्ही तिला पटवून द्या. मार्क 74 टक्के."

ते मी पटवणार नाही, कारण या वादात मुलगी बरोबर आहे. मार्कांचं नंतर बघू. पोरीने विचार करून मुद्दा मांडला, आणि तुम्ही तो खोडायला बाहेरचा माणूस शोधलात, हे मला जास्त खटकलं. आणि 'पक्की नोकरी' तुम्हाला कुठल्या जाहिरातीत दिसली? मला तरी दिसलेली नाही.

आता तुमचा गैरसमज. हे मशीन 'हाच तो' असं सांगतच नाही. कॅमेऱ्यातल्या चेहऱ्याशी मिळतेजुळते चेहरे ते साठवलेल्या फोटोंच्या संग्रहातून काढून साम्याच्या क्रमाने लावून देतं. खरा चोर त्या संग्रहात नसला, तरी यादी येतेच. अमेरिकेत डेट्रॉइटला 2018 मध्ये दुकानातून घड्याळं चोरीला गेली. सीसीटीव्हीतला चोर टोपी घातलेला, चित्र अंधूक. त्यावरून आलेल्या यादीत एका माणसाचा मुदत संपलेल्या लायसन्सवरचा फोटो नवव्या क्रमांकावर होता. पोलिसांनी तो आणखी पाच फोटोंत मिसळून दुकानाच्या सुरक्षा कंपनीतल्या एका बाईंना दाखवला. चोरी होताना त्या तिथे नव्हत्या, त्यांनी फक्त तेच फुटेज पाहिलं होतं. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि हीच 'साक्ष' झाली. जानेवारी 2020 मध्ये त्याला बायको-मुलींसमोर घराच्या अंगणातून उचललं आणि सुमारे 30 तास डांबलं. मशीनने चेहऱ्यासारखा चेहरा शोधून दिला, म्हटल्यावर त्या बाईंनाही तोच सारखा वाटणार. दुसरा पुरावा कुठे होता? तो माणूस त्या दिवशी कुठे होता, एवढंही कुणी तपासलं नाही. त्याने दावा लावला आणि 2024 मध्ये तडजोड झाली: तीन लाख डॉलर भरपाई, आणि नुसत्या अशा निकालावर अटक नाही, थेट त्यावरून साक्षीदाराला फोटो दाखवणं नाही, असे नियम.

हे नियम कोर्टात भांडून आले, वकिलांनी आणले. म्हणजे तुमची मुलगी नेमकं जे काम मागते आहे, तेच.

आपल्याकडे तर दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात सांगितलं, की 80 टक्क्यांवर साम्य असलं की चेहरा जुळला असं ते धरतात. हे 80 टक्के म्हणजे 'गुन्हेगार असण्याची शक्यता 80 टक्के' नव्हे. हा फरक कोर्टात समजावणारी माणसं लागतील.

बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ आहेच. सायन्स सोडायचं नसेल तर फॉरेन्सिकचं राष्ट्रीय विद्यापीठ तुमच्या कुर्टीतच आहे, तिला घेऊन एकदा बघून या. इंजिनिअरिंगसाठी जेईई, पण ते तिला स्वतःला हवं असेल तरच. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे.