बॅटरीत पाणी कमी होतं, म्हणून वॉरंटी गेली का?

"वकीलसाहेब, आम्ही निपाणीत राहतो. १६ महिन्यांमागं कोल्हापुरातल्या एका दुकानातून १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी १४,५०० रुपयांना घेतली, वॉरंटी ३६ महिन्यांची. इन्व्हर्टर जुनाच, सात वर्षांचा. दुकानाचा माणूस येऊन जोडून गेला, त्याचे ३०० रुपये बिलात आहेत. पूर्वी दोन पंखे आणि चार बल्ब पाच तास चालायचे, आता वीस मिनिटं पण चालत नाहीत. कंपनीचा माणूस आला. त्यानं आधी पाणी ओतलं, मग काचेची नळी घालून बघितलं आणि 'पाणी कमी, ग्रॅव्हिटी कमी, वॉरंटी लागू नाही' असं लिहून माझी सही घेतली. दुकानदार म्हणतो, जुनी आणून द्या, ३,५०० धरतो, नवी घ्या. वर्षभर आम्ही पाणी बघितलं नव्हतं हे खरं. केस करायची तर कोल्हापूरला खेपा घालाव्या लागणार. काय करू?"
— एक वाचक, निपाणी

आधी एक काम करा: ती बॅटरी दुकानात नेऊन देऊ नका. ३,५०० रुपयांत ती गेली की तुमच्या तक्रारीचा सगळ्यात मोठा पुरावा भंगारात गेला. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत बहुतेक लोक इथंच हरतात. घरात अंधार असतो, मुलांचा अभ्यास अडतो, आणि माणूस कंटाळून अदलाबदल करून मोकळा होतो.

आता त्या कागदाकडं बघू. त्यावर 'पाणी कमी, ग्रॅव्हिटी कमी' असं लिहिलंय. तुम्ही सांगितलेला क्रम खरा असेल, म्हणजे आधी पाणी आणि मग नळी, तर त्या ग्रॅव्हिटीच्या, म्हणजे ॲसिडच्या दाटपणाच्या, आकड्याला काही किंमत नाही. नवं ओतलेलं पाणी ॲसिडपेक्षा हलकं असतं, ते वरच तरंगत राहतं. हायड्रोमीटरची नळी वरचंच पाणी ओढते आणि आकडा खोटा, कमी दाखवते. ते मिसळायला बॅटरी बरेच तास चार्ज व्हावी लागते. बॅटरीचं काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्याच दिवशीच्या तारखेनं कंपनीला आणि दुकानदाराला लिहून कळवा की तपासणी पाणी ओतल्यानंतर झाली, ती मला मान्य नाही, आणि माझी सही माणूस येऊन गेल्याबद्दलची आहे. दुसरा दिवस उलटून गेला असेल तर आजच लिहा. सहीमुळं हक्क संपत नाही, पण गप्प बसलात तर तीच सही तुमच्यावर उलटते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बॅटरीतून उडून जातं ते फक्त पाणी, ॲसिड आतच राहतं. त्यामुळं नुसतं पाणी कमी झालं असतं तर उरलेलं ॲसिड दाट होऊन ग्रॅव्हिटी वाढायला हवी होती. पाणीही कमी आणि ग्रॅव्हिटीही कमी, असं खरोखर असेल तर ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसलाय. बॅटरी वापरताना तो प्लेटांवर जातो आणि चार्ज होताना परत ॲसिडमध्ये येतो. बॅटरी महिनोन्‌महिने अर्धवटच चार्ज होत राहिली तर त्याचे खडे घट्ट होतात आणि मग तो परत येत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. तुमचा लोड साधारण १९० वॉटचा, म्हणजे बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास खेचला जातो. वीस मिनिटांत ती जेमतेम ७ एएच देते. १६ महिन्यांच्या १५० एएचच्या बॅटरीचं हे साधं म्हातारपण नव्हे.

मग ती अर्धवट का चार्ज होत होती? मला संशय तुमच्या जुन्या इन्व्हर्टरचा आहे. त्याच्या मागच्या बाजूला किंवा मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं, एकीकडं 'फ्लॅट' किंवा 'एसएमएफ' आणि दुसरीकडं 'ट्युब्युलर'. सात वर्षांपूर्वी त्याला कुठली बॅटरी होती ते आठवून बघा. ट्युब्युलर पूर्ण भरायला शेवटी शेवटी १४.४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. बटण जुन्या बॅटरीच्या जागीच राहिलं असेल तर चार्जर त्याआधीच थांबतो. लक्षण सोपं आहे. अशी बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात 'चार्जिंग पूर्ण' दाखवते आणि लाईट गेली की तितक्याच लवकर बसते. बटण आज जसं आहे तसाच त्याचा फोटो काढा, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवा. फोटो काढेपर्यंत बटणाला हात लावू नका.

आणि इथं तुमचे ते ३०० रुपये कामाला येतात. दुकानदारानं पैसे घेऊन फिटिंग केली, म्हणजे बॅटरी विकण्यापलीकडं त्यानं तुम्हाला सेवा दिली. ट्युब्युलर बॅटरी जोडताना चार्जरची सेटिंग न बघणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणं सेवेतली त्रुटी ठरू शकते. कंपनी म्हणेल बॅटरीत दोष नाही, आणि तिचं म्हणणं कदाचित खरंही असेल. तेवढ्यानं दुकानदार सुटत नाही.

म्हणून नोटिशीत मागणी अशी करा: बॅटरी सर्व्हिस सेंटरच्या चार्जरवर, तुमच्या इन्व्हर्टरवर नव्हे, पूर्ण चार्ज करावी, काही तास तशीच ठेवावी, आणि मग सहाही सेलची ग्रॅव्हिटी तुमच्यासमोर मोजून लेखी द्यावी. चार्जिंग सावकाश आणि लांब असलं पाहिजे. कोवळं सल्फेशन असेल तर त्यानंच बॅटरी बऱ्यापैकी परत येते, आणि मग तुमचा प्रश्न सेटिंग बदलूनच सुटेल. बॅटरी ताब्यात देताना सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. पावतीशिवाय एक मिनिटही सोडू नका.

त्या सहा आकड्यांवर तुमची केस ठरेल. सहाही सेल १.२४० च्या आसपास आले आणि बॅकअपही परत आला, तर भांडण उरत नाही. पाच सेल चढले आणि एकच खूप खाली राहिला, समजा १.१६० वर, तर तो सेल बिघडलाय. पाणी कमी पडण्याचा आणि सेटिंगचा परिणाम सहसा सगळ्या सेलवर होतो, एकट्यावर नाही. तेव्हा उत्पादनातला दोष म्हणून कंपनीला धरा. सहाच्या सहा सारखेच खाली राहिले तर सल्फेशन पक्कं झालंय, आणि बोट फिटिंग करणाऱ्याकडं जातं. तक्रारीत मात्र दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलंत तर तो गैरहजर असलेल्या दुसऱ्याकडं बोट दाखवेल.

तुमची कमकुवत बाजूही सांगतो. वर्षभर पाणी बघितलं नाही हे ग्राहक आयोगापुढं लपवू नका. वॉरंटी कार्डावर पाणी ठेवण्याची अट असते, आणि पाणी इतकं उतरलं असेल की प्लेटा उघड्या पडल्या, तर उघडा भाग खराब होतो आणि तिथला सल्फेटही परत येत नाही. मग वर मी मांडलेला ग्रॅव्हिटीचा युक्तिवाद ढिला पडतो. त्या दिवशी पाणी ओतण्याआधी झाकणावरचे फ्लोट कुठं होते, तांबड्यात की अगदी तळाला, किती बाटल्या पाणी लागलं, हे घरातल्या सगळ्यांनी आठवून आजच लिहून ठेवा. तांबडं दिसलं म्हणजे प्लेटा उघड्या पडल्याच असं नसतं, कमाल-किमानची खूण प्लेटांच्या वरच असते. तुमचाही थोडा दोष निघाला तर आयोग पूर्ण किंमत देणार नाही, काही भाग देईल. पूर्ण किमतीची मागणी जरूर करा, पण मनात तो हिशेब धरून चाला.

या काळात गावातला कुणी 'ॲसिड बदलून देतो, पावडर टाकून जिवंत करतो' म्हणाला तर नको म्हणा. एकदा ॲसिड किंवा पावडर पडली की ग्रॅव्हिटीचे आकडे कायमचे बिनकामाचे होतात आणि वॉरंटी खरोखरच जाते. बोअरचं पाणीही नको, फक्त डिस्टिल्ड.

कोल्हापूरच्या खेपांची काळजी सोडा. कलम ३४ प्रमाणं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रात आणि तुम्ही कर्नाटकात असलात तरी तुमची तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल, दुकानदाराला इकडं यावं लागेल. २०१९ पूर्वीच्या कायद्यात ही सोय नव्हती. आपल्या भागातली निम्मी खरेदी कोल्हापूर-गडहिंग्लजची, त्यामुळं सीमेवरच्या माणसाला हे कलम फार मोलाचं आहे. कार्डावर कुठल्या लांबच्या शहरातल्याच कोर्टात दावा चालेल असं छापलं असलं तरी डगमगू नका, कायद्यानं दिलेला हा मार्ग त्या एका ओळीनं बंद होत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तुमचं बिल आणि चिठ्ठ्या मराठीत असतील तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा.

तक्रार लिहिताना 'उत्पादन दायित्व' या प्रकरणाखाली लिहू नका. नाव मोठं वाटतं, आणि नेटवर वाचून लोक तेच लिहून आणतात. पण कलम २(२२) मधली हानीची व्याख्या वस्तूच्या स्वतःच्या नुकसानाला वगळते. बॅटरी फुटून कुणी भाजलं असतं तर ती वाट होती. तुमची वाट मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी, आणि मागणी कलम ३९ खाली: बदली, नाहीतर परतावा, शिवाय खर्च. सामनेवाल्यांनी एकत्र तपासणीला नकार दिला तर कलम ३८ खाली आयोगाला बॅटरी प्रयोगशाळेत पाठवायची विनंती करता येते, अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते. मात्र त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या लेखी आकड्यांचा आग्रह आधी धरा.

नोटीस दोघांनाही स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपा, १५ दिवस द्या. कलम ६९ प्रमाणं तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत आहे. वाद नको म्हणून ती वॉरंटी नाकारल्याच्या कागदापासून न धरता, बॅकअप कमी झाल्याचं तुम्ही पहिल्यांदा दुकानदाराला सांगितलंत त्या दिवसापासून धरा. फोन केला होता की मेसेज, ते शोधून तारीख काढा.